रेटिनॉल : पहिल्या रात्रीपासून एक दिवसाआडपर्यंत

रेटिनॉलचं क्रीम रात्री पहिल्यांदा लावलं की दुसऱ्या दिवशी सकाळी आरशात बहुधा काहीच दिसत नाही. जळजळ नाही, लाली नाही, चेहरा कालच्यासारखाच. मग वाटतं, आपल्याला हे झेपतंय. दुसऱ्या रात्री पुन्हा लावलं जातं, तिसऱ्या रात्री जरा सढळ हाताने. चौथ्या-पाचव्या दिवशी तोंडाच्या कडा ताणल्यासारख्या होतात, नाकपुड्यांच्या बाजूला पांढरट पापुद्रे सुटू लागतात आणि रोजचंच मॉइश्चरायझर लावलं तरी चेहरा चरचरतो. तोवर चार-पाच रात्रींचं रेटिनॉल कातडीत गेलेलं असतं. आज थांबवलं तरी त्याचं काम आणखी काही दिवस चालूच राहतं, आणि सालं निघायची ती निघतातच. ‘मला रेटिनॉल सोसत नाही’ असं म्हणणाऱ्या बऱ्याच जणांच्या बाबतीत एवढंच झालेलं असतं. औषध चुकलेलं नसतं, दोन रात्रींमधलं अंतर चुकलेलं असतं.

हा उशीर का होतो, ते समजलं की पुढचं सगळं वेळापत्रक आपोआप समजतं. रेटिनॉल म्हणजे अ जीवनसत्त्वाचं एक रूप. ते जसं आहे तसं कातडीत फारसं काही करत नाही. कातडीतल्या पेशी आधी त्याचं रेटिनाल बनवतात आणि मग रेटिनालचं रेटिनॉइक आम्ल. खरं काम करतं ते हे आम्ल. डॉक्टर चिठ्ठीवर लिहून देतात ते ट्रेटिनॉइन म्हणजे हेच आम्ल थेट, मधल्या दोन पायऱ्या वगळून. म्हणून ट्रेटिनॉइन जोरकस आणि रेटिनॉल त्याच्या मानाने बरंच सौम्य. पण दिशा एकच.

रेटिनॉइक आम्ल पेशीच्या केंद्रापर्यंत पोचतं आणि कोणती जनुकं कामाला लागायची, कोणती गप्प बसायची, हे बदलतं. परिणामी खालच्या थरात नव्या पेशी वेगाने तयार होऊ लागतात आणि वर सरकू लागतात. वरच्या मृत पेशींची एकमेकींवरची पकड सैल होते. आतल्या थरात कोलॅजन वाढतं, पण ते काम महिनोन्‌महिन्यांचं. आपल्याला आधी दिसतो तो वरचा गोंधळ. नव्या पेशी वर आल्यात, जुन्यांनी जागा सोडलेली नाही, आणि या धांदलीत पाणी धरून ठेवणारा वरचा थर काही दिवस विस्कटतो. त्यातून आतला ओलावा उडून जातो, तो कोरडेपणा. सैल झालेल्या पेशी झुपक्याने निघतात, ती सालं. पेशी दाहाचे संदेश सोडतात आणि उष्णता व जळजळ ओळखणारे चेतातंतू हळवे होतात, म्हणून गरम पाणी, घाम, अगदी साधं क्रीमसुद्धा चरचरतं. जनुकांपासून सुरू होणारी गोष्ट एका रात्रीत दिसत नाही, तिला दोन ते चार दिवस लागतात.

दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची. रेटिनॉइक आम्ल वाढलं की पेशी ते मोडून टाकणारं विकरही जास्त बनवू लागतात. म्हणजे कातडी हे सांभाळायला हळूहळू शिकते. पण तिला शिकायला वेळ द्यावा लागतो. मात्रा तिच्या पुढे धावली तर ती सोलवटते, मागून चालली तर फारसं काही न होता जुळवून घेते.

आपल्याकडे याला आणखी एक बाजू आहे आणि माझ्या मते तीच सगळ्यात मोठी. गोऱ्या कातडीवर रेटिनॉलचा त्रास झाला तर आठवडाभर चेहरा लाल दिसतो आणि मग मिटतं. गव्हाळ किंवा सावळ्या कातडीवर लाली नीट दिसतच नाही, आणि दाह ओसरल्यावर मागे राहतो तो काळपट डाग. मुरमाचा डाग जसा महिनोन्‌महिने रेंगाळतो, तसाच हा. बहुतेक जण रेटिनॉल आणतात तेच मुरमांचे डाग घालवायला, आणि घाईने लावून तोंडाभोवती नवा काळा घेर तयार करून बसतात. म्हणून परदेशी माहितीत ‘आठवड्यात दोन-तीनदा सुरू करा’ असं दिसलं तरी आपण एका रात्रीपासून सुरुवात करावी, असं मी आग्रहाने सांगते. त्यात गमवायचे ते दोन-तीन आठवडे, तेवढेच.

मंद गतीने फायदा बुडतो का? अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातल्या त्वचातज्ज्ञांनी २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. वयोवृद्ध लोकांच्या एका दंडाच्या आतल्या बाजूला ०.४ टक्के रेटिनॉलचं लोशन आणि दुसऱ्या दंडाला नुसतं लोशन, आठवड्यातून जास्तीत जास्त तीन वेळा, २४ आठवडे लावलं. रेटिनॉल लावलेल्या बाजूच्या बारीक सुरकुत्या स्पष्ट कमी झाल्या. म्हणजे रोज रात्री लावणं ही काही अट नाही. आठवड्याच्या तीन रात्री आणि सहा महिन्यांची चिकाटी यांनी काम होतं.

आता ट्यूब घेताना. पहिल्यांदा ०.१ ते ०.३ टक्क्यांपर्यंतचं रेटिनॉल पुरे, आणि त्यातही सीरमपेक्षा क्रीम बरं, कारण क्रीमचा आधार कोरडेपणा थोडा झेलतो. युरोपीय संघाने आता चेहऱ्यावर लावून ठेवायच्या उत्पादनांत रेटिनॉलला ०.३ टक्क्यांची मर्यादाच घातली आहे. आपल्याकडे १ टक्क्याची बाटलीही सहज मिळते, ती पहिल्या खेपेला दुकानातच ठेवावी. वेष्टणावर रेटिनिल पाल्मिटेट लिहिलं असेल तर तो आणखी एक पायरी मागचा, बराच सौम्य प्रकार आहे. रेटिनाल लिहिलं असेल तर तो एक पायरी पुढचा, म्हणजे तिखट. यांचे टक्के एकमेकांशी ताडून पाहू नयेत, वस्तू वेगळ्या आहेत. रेटिनॉल उजेडात आणि हवेत खराब होतं, म्हणून काचेच्या पारदर्शक बाटलीपेक्षा अॅल्युमिनियमची ट्यूब किंवा बंद पंप घ्यावा, आणि तो न्हाणीघराच्या खिडकीत ठेवू नये.

एक सावधगिरी इथेच सांगते. ‘नैसर्गिक रेटिनॉल’ म्हणून बाकुचिओल विकलं जातं. ते आपल्या बावचीच्या बियांपासून काढतात आणि शुद्ध केलेलं असेल तर सहसा सोसतं. पण काष्ठौषधींच्या दुकानातलं बावचीचं तेल म्हणजे बाकुचिओल नव्हे. त्या तेलात सोरालेन असतं, ते लावून उन्हात गेलं की कातडी भाजल्यासारखी होते. कोडाच्या उपचारात बावची वापरतात ती याच गुणामुळे, आणि तेही वैद्याच्या देखरेखीखाली. रेटिनॉलऐवजी ते तेल चेहऱ्याला कधीही लावू नये.

रेटिनॉल सुरू करण्याआधीचे दोन आठवडे ट्यूब कपाटात राहू द्यावी. या काळात फक्त तीन वस्तू : फेस न करणारा किंवा अगदी कमी फेसाचा सौम्य फेसवॉश, बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर आणि सकाळी सनस्क्रीन. स्क्रब, ग्लायकोलिक किंवा सॅलिसिलिक आम्लाचे टोनर, बेन्झॉइल पेरॉक्साइड, घरचा लिंबू-बेसनाचा लेप, मुलतानी माती, हे सगळं बंद. कातडी आधीच खरवडलेली असेल तर तिच्यावर रेटिनॉलची पहिली रात्र म्हणजे जखमेवर मीठ. या दोन आठवड्यांत रोजचं मॉइश्चरायझर लावल्यावर अजिबात चरचरत नाही, अशी स्थिती यायला हवी. ती आली नाही तर सुरुवात पुढे ढकलावी. याच काळात जबड्याच्या कडेखाली, कानाजवळ, नाण्याएवढ्या जागेवर रेटिनॉल लावून पाहावं आणि चार-पाच दिवस वाट पाहावी. खाज, सूज किंवा पुरळ आलं तर ते उत्पादन आपल्यासाठी नाही.

पहिल्या रात्रीची पद्धत नीट सांगते, कारण बारकावे इथेच आहेत. कोमट पाण्याने चेहरा धुवून टिपून घ्यायचा आणि मग वीस-तीस मिनिटं काहीही लावायचं नाही. ओल्या कातडीत रेटिनॉल जास्त आणि पटकन शिरतं, आपल्याला ते नको आहे. चेहरा पूर्ण कोरडा झाल्यावर ओठांचे कोपरे, नाकपुड्यांच्या खाचा आणि डोळ्यांच्या कडा यांना पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात लावायचा. या जागांची कातडी पातळ असते आणि क्रीम घरंगळत येऊन तिथेच साठतं, सालं पहिल्यांदा निघतात ती इथेच. मग चेहऱ्यावर मॉइश्चरायझरचा एक थर. तो मुरायला दहा मिनिटं.

मग रेटिनॉल, मटारच्या एका दाण्याएवढं. संपूर्ण चेहऱ्याला तेवढंच. हे प्रमाण पहिल्यांदा पाहिलं की कमी वाटतं आणि इथेच हात घसरतो. त्या दाण्याचे बोटाने पाच ठिपके करायचे : कपाळ, दोन्ही गाल, हनुवटी आणि एक अगदी छोटा नाकावर. ठिपके बाहेरच्या दिशेने पसरवायचे, पापण्या आणि मान सोडून. चोळायचं नाही. दहा-पंधरा मिनिटांनी वरून पुन्हा मॉइश्चरायझर. रेटिनॉल असं दोन थरांमध्ये ठेवल्याने त्याचा जोर थोडा कमी होतो, पण सुरुवातीच्या काळात तोच सौदा आपल्याला हवा आहे. महिन्या-दोन महिन्यांनी सगळं शांत असेल तर खालचा थर वगळता येतो. हात धुवायला विसरू नये, झोपेत ते डोळ्यांना लागतात.

सकाळी उठल्यावर साध्या पाण्याने चेहरा धुवायचा, फेसवॉश नको. मग मॉइश्चरायझर आणि त्यावर सनस्क्रीन, निदान ३० एसपीएफ, तर्जनी आणि मधलं बोट यांवर लांबीभर ओळ काढली की जेवढं होतं तेवढं. आपल्या रंगाच्या कातडीला डाग पडतात ते फक्त अतिनील किरणांनी नाही, दिसणाऱ्या उजेडानेही पडतात. म्हणून ज्यांना डागांची सवय आहे त्यांनी आयर्न ऑक्साइड असलेलं, किंचित रंगाचं सनस्क्रीन घेतलं तर ते जास्त उपयोगी. सनस्क्रीन रोज लावणं जमणार नसेल तर रेटिनॉल सुरूच करू नये, हे मी अगदी मनापासून सांगते. एका हाताने डाग पुसायचे आणि दुसऱ्याने काढायचे, असं ते होतं.

आता आठवडे. पहिले दोन आठवडे एकच रात्र. शनिवार ठरवला तर शनिवारच, म्हणजे रविवार-सोमवारी चेहऱ्याकडे लक्ष देता येतं. त्रास व्हायचा तर मंगळवार-बुधवारपर्यंत कळतो आणि पुढच्या शनिवारपर्यंत तो निवळायला वेळ मिळतो. तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात दोन रात्री, मध्ये निदान दोन रात्री मोकळ्या, बुधवार आणि शनिवार म्हणा. सहाव्या ते नवव्या आठवड्यात तीन रात्री, सोमवार, बुधवार, शनिवार. दहाव्यापासून एक दिवसाआड. मधल्या मोकळ्या रात्री म्हणजे रिकाम्या रात्री नव्हेत. त्या रात्री मॉइश्चरायझर जरा जाड लावायचं आणि दुसरं काहीही नाही.

पण कॅलेंडर पुढे गेलं म्हणून आपण पुढे जायचं नाही. पुढच्या पायरीला जाण्याची अट एकच : मागचा संपूर्ण आठवडा शांत गेला पाहिजे. शांत म्हणजे मॉइश्चरायझर लावताना चरचरलं नाही, चेहरा धुतल्यावर ताणला नाही, सालं निघाली नाहीत. नाक आणि हनुवटीपाशी किंचित भुरभुर झाली आणि ती मॉइश्चरायझरने एका दिवसात बसली, तर ते चालेल, पण मग त्याच पायरीवर आणखी एक आठवडा काढायचा. पायरी चढणं ऐच्छिक आहे, उतरणं मात्र लगेच.

माझ्या भाचीचं उदाहरण इथे सविस्तर सांगण्यासारखं आहे. ती नागपूरला असते, तिशी ओलांडलेली, रंग गव्हाळ, जबड्यावर जुन्या मुरमांचे डाग. तिने ०.२ टक्क्यांचं क्रीम ऑक्टोबरच्या सुरुवातीला लावायला घेतलं. पहिले दोन आठवडे एकच रात्र, काही त्रास नाही. तिसऱ्या आठवड्यात दोन रात्री, तेही ठीक. चौथा आठवडा दिवाळीच्या तोंडावरचा. बुधवारी रात्री रेटिनॉल लावलं आणि गुरुवारी संध्याकाळी नेहमीप्रमाणे पार्लरला जाऊन अप्परलिप थ्रेडिंग केलं. दोऱ्याबरोबर केसांसोबत वरची कातडीही निघाली. ओठांच्या वर आग झाली, दोन दिवसांत तिथे बारीक खपली धरली आणि ती पडल्यावर मिशीसारखी तपकिरी रेघ उरली.

पार्लरवालीला दोष देण्यात अर्थ नव्हता, तिला रेटिनॉलचं सांगितलंच नव्हतं. रेटिनॉल लावलेल्या कातडीवर थ्रेडिंग, वॅक्सिंग, ब्लीच किंवा फेशियलचं घासणं हे करायचं असेल तर त्या भागावर आधी पाच-सात दिवस आणि नंतर तीन-चार दिवस रेटिनॉल बंद ठेवावं लागतं. वॅक्सिंगमध्ये तर कातडीचा पापुद्राच उचलला जाऊ शकतो. तेच दिवाळीच्या उटण्याचं. अंगाला खुशाल लावावं, पण चेहऱ्यावर त्या दिवसांत खरबरीत उटणं घासू नये.

तिने मग काय केलं, ते अनुकरण करण्याजोगं आहे. पाचव्या आठवड्यात रेटिनॉल पूर्ण बंद. ओठांवर दिवसातून दोनदा पेट्रोलियम जेली, बाकी चेहऱ्याला मॉइश्चरायझर, आणि सनस्क्रीन न चुकता. सहाव्या आणि सातव्या आठवड्यात पुन्हा एकच रात्र, ओठांवरचा भाग पूर्ण वगळून. आठव्यापासून दहाव्यापर्यंत दोन रात्री. अकराव्या आठवड्यात ती तीन रात्रींवर गेली आणि नेमकी विदर्भातली कोरडी थंडी पडली. गालांवर कागदासारखी खरखर सुरू झाली, धुतल्यावर चेहरा ओढला जायचा. जळजळ नव्हती, नुसता कोरडेपणा. तिने बंद केलं नाही. एक पायरी खाली आली, बाराव्या-तेराव्या आठवड्यात पुन्हा दोन रात्री, मॉइश्चरायझर बदलून सिरॅमाइडवालं जाड क्रीम घेतलं आणि गरम पाण्याने चेहरा धुणं सोडलं. चौदाव्या आठवड्यापासून परत तीन रात्री, आणि अठराव्या आठवड्याला एक दिवसाआड. कागदावर दहाव्या आठवड्यात यायची ती पायरी तिला अठराव्यात आली. मधल्या काळात तिच्या जबड्यावरचे डाग फिके व्हायला लागले होते आणि ओठांवरची रेघही पुसट झाली होती. उशीर झाला म्हणून काही बिघडलं नाही.

इथे दोन प्रकारचे त्रास वेगळे ओळखता आले पाहिजेत, कारण दोन्हींवर उपाय निराळा. नुसतं कोरडं पडणं, भुरभुर, थोडा ताण, एवढंच असेल तर पायरी उतरायची आणि मॉइश्चरायझर वाढवायचं. चरचर, हुळहुळ, स्पर्श नकोसा होणं, घाम आला की आग, हे सुरू झालं की त्या रात्रीपासून रेटिनॉल थांबवायचं. सावळ्या चेहऱ्यावर लाली शोधत बसू नये. त्याऐवजी बोटांची मागची बाजू गालाला लावून पाहावी. कपाळापेक्षा गाल गरम लागतो का? नेहमीच्या रंगात तांबूस-काळपट झाक आली आहे का? आणि एक फसवी खूण : कातडी अचानक काचेसारखी चकचकीत, गुळगुळीत आणि ताणलेली दिसू लागते. ‘चेहऱ्यावर तेज आलं’ असं घरचेही म्हणतात. पण हे तेज नव्हे. वरचा थर गरजेपेक्षा पातळ झाल्याचं ते लक्षण आहे आणि चार दिवसांत त्याच जागी सालं निघतात. अशी चमक दिसली की थांबावं.

थांबल्यावर करायचं काम थोडकं आहे. कोमट पाणी, दिवसातून एकदाच सौम्य फेसवॉश, दोन-तीनदा मॉइश्चरायझर, जिथे चिरा पडल्यात तिथे रात्री पेट्रोलियम जेली. सालं ओढून काढायची नाहीत, स्क्रबने तर मुळीच नाही. जी साल अजून आपणहून सुटलेली नाही, तिच्याखालची कातडी तयार नसते, आणि ओढल्या जागी डाग हमखास. मॉइश्चरायझर सलग तीन-चार दिवस अजिबात चरचरलं नाही की पुन्हा सुरुवात करायची, पण जिथे सोडलं तिथून नाही. त्याखालच्या पायरीपासून. ज्यांना एका रात्रीनेही असं होतं, त्यांनी रेटिनॉल लावून अर्ध्या तासाने धुवून टाकावं आणि आठवड्यागणिक तो वेळ वाढवत न्यावा. हा मार्गही चांगला चालतो.

मुरमांचं वेगळं. रेटिनॉलमुळे कातडीत दडलेली बारीक मुरमं पहिल्या चार-सहा आठवड्यांत एकदम वर येऊ शकतात. ती नेहमीच्याच जागी येतात आणि नेहमीपेक्षा लवकर जातात. जिथे कधीच मुरमं येत नव्हती तिथे खाज सुटणारे बारीक दाणे आले, तर मात्र तो दाह किंवा अॅलर्जी समजावी. पापण्या सुजल्या, पाणी सुटणाऱ्या पुटकुळ्या आल्या किंवा थांबवून आठवडा झाला तरी आग कमी झाली नाही, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जावं. औषधाच्या दुकानातून कोणतंही ‘लाली घालवणारं’ मलम उचलून लावू नये.

हे शेवटचं मुद्दाम सांगते आहे. आपल्याकडे गोरेपणासाठी म्हणून वर्षानुवर्षं लावली जाणारी कित्येक मलमं म्हणजे हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन नावाचं स्टिरॉइड यांचं मिश्रण असतं. स्टिरॉइडची मलमं मनमानी विकली जाऊ नयेत म्हणून केंद्र सरकारने २०१८ मध्ये त्यांतली अनेक मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधांच्या यादीत घातली. तरी ती घराघरांत सापडतात. अशा मलमाने कातडी पातळ झालेली असते आणि ते थांबवलं की चेहरा भडकतो. त्या चेहऱ्यावर रेटिनॉल म्हणजे आगीत तेल. ट्यूबवर ‘मोमेटासोन’, ‘बीटामेथासोन’ किंवा ‘क्लोबेटासोल’ यांपैकी एकही नाव वाचलं, तर आधी डॉक्टर, रेटिनॉलचा विचार बरेच महिने पुढे.

गर्भवती स्त्रियांनी रेटिनॉल लावू नये, मूल होण्याचा विचार चालू असेल त्यांनीही नको आणि अंगावर पाजणाऱ्या आयांनीही टाळलेलं बरं. चेहऱ्यावर इसब आहे, रोझेशिया आहे, किंवा मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी आपल्या मनाने काही करू नये. आणि घरात लग्न ठरलं असेल तर मुहूर्ताच्या आधी निदान तीन-चार महिने मोकळे असतील तरच सुरू करावं. लग्नाच्या महिनाभर आधी हाती घेतलं तर मेकअपखाली सालं दिसतात आणि हळदीचा लेप नेमका चरचरतो.

ऋतूचंही थोडं पाहावं. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत केव्हाही सुरुवात केली तरी कोरडेपणा बेताचा राहतो. पुण्यात पावसाळा उत्तम. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्याचं ऊन आणि डिसेंबरची थंडी दोन्ही टाळून, पाऊस लागल्यावर सुरू केलं तर सोपं जातं. एसीमध्ये आठ तास बसणाऱ्यांनी आपण कोरड्या गावात राहतो असंच धरावं.

एक दिवसाआड सुरळीत झालं की पुढे काय? बहुतेकांनी तिथेच राहावं. कातडी मऊ आणि एकसारखी दिसू लागते ती साधारण तीन महिन्यांनी, बारीक सुरकुत्यांवर फरक दिसायला सहा महिने लागतात, आणि तोवर टक्के वाढवण्याचं काही कारण नसतं. रोज रात्री लावलं तरी चालतं, पण त्याने दुप्पट फायदा होत नाही. सहा महिन्यांनी वरचं प्रमाण घ्यावंसं वाटलंच, ०.२ वरून ०.३ समजा, तर सगळ्या रात्री एकदम बदलायच्या नाहीत. आठवड्यातली एक रात्र नव्या ट्यूबची, बाकीच्या जुन्या. दोन आठवडे शांत गेले की दोन रात्री नव्या. आणि ज्या आठवड्यात ताप आला असेल, उन्हातली लांबची सहल असेल किंवा पार्लरची वेळ घेतलेली असेल, त्या आठवड्यात ट्यूब बंद कपाटातच राहू द्यावी. आठ-दहा दिवस सुटले तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. महिनाभर सुटलं तर मात्र दोन रात्रींच्या पायरीपासून वर यावं.